पहाटे चारची कॉफी, रात्रीचा कोर्मा: राममोहन रॉय यांचा दिवस नोकराच्या आठवणीतून कसा उभा करायचा

राजा राममोहन रॉय यांनी सतीच्या चालीविरुद्ध काय लिहिलं, उपनिषदांची भाषांतरं कधी छापली, ब्राह्मो सभा 1828 मध्ये कशी सुरू झाली, हे सगळं छापील कागदावर आहे. पण ते सकाळी किती वाजता उठत, दुपारी झोपत का, ताटात काय असे, हे त्यांनी स्वतः कुठे लिहून ठेवलेलं नाही. ही माहिती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः एका माळ्याकडून. त्याचं नाव रामहरी दास. तरुणपणी तो राममोहन यांच्या घरी नोकर होता, त्यांच्यासोबत विलायतेला गेला, आणि मालक तिकडेच वारल्यावर परत येऊन बर्दवानच्या महाराजांच्या बागेत कामाला लागला. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, त्याने सांगितलं, आणि ते लिहून घेतलं गेलं.

रामहरीने सांगितलेला दिवस साधारण असा. राममोहन पहाटे चारच्या सुमारास उठत आणि कॉफी घेत. मग चारदोन माणसांना बरोबर घेऊन फिरायला जात आणि बहुधा सूर्य उगवायच्या आत घरी येत. सकाळची आन्हिकं चालू असताना गोलोकदास न्हावी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्यानंतर चहा, मग व्यायाम, थोडी विश्रांती, पत्रव्यवहार आणि स्नान. दहाला जेवण. जेवणानंतर पुन्हा वर्तमानपत्र ऐकणं, आणि मग एका उघड्या टेबलावर, गादी-उशीशिवाय, तासभर झोप. उठल्यावर कुणाशी गप्पा किंवा कुणाकडे भेटीला जाणं. तीनला फराळ, पाचला फळफळावळ, संध्याकाळी फेरफटका, दहाला रात्रीचं जेवण. मग मित्रांबरोबर मध्यरात्रीपर्यंत बैठक. झोपायला जाताना ‘हलिला’ नावाचा आवडीचा गोड पदार्थ पुन्हा एकदा. लिहायला बसले की मात्र ते एकटे असत.

हे वाचलं की पहिला मोह होतो तो सरळ तक्ता करून ‘राममोहन यांची दिनचर्या’ म्हणून छापून टाकायचा. बऱ्याच ठिकाणी तसंच झालं आहे. पण नोकराची आठवण ही साक्ष असते, आणि साक्षीला प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न असा की हा माणूस कुठे उभा होता आणि त्याला तिथून काय दिसत होतं.

रामहरीच्या सांगण्यात कॉफी, चहा, फराळ, स्नान आणि झोप या गोष्टी ठळक आहेत. म्हणजे ज्या ज्या वेळी नोकराला काहीतरी आणावं, ठेवावं किंवा आवरावं लागतं, त्या त्या वेळा त्याच्या लक्षात राहिल्या. लेखनाबद्दल मात्र एकच वाक्य आहे: ते एकटे असत. याचा अर्थ राममोहन थोडंच लिहीत असा होत नाही. त्या वेळी रामहरी खोलीबाहेर होता, एवढाच त्याचा अर्थ. दिवसभरात त्यांनी किती तास लिहिलं हे या आठवणीतून मोजायला गेलात तर उत्तर हमखास चुकेल. उलट टेबलावरच्या झोपेसारखा तपशील मला फार भरवशाचा वाटतो. तो कुणाच्या मोठेपणासाठी रचलेला नाही, त्यात उपदेश नाही, आणि तो विचित्र आहे. घरात पलंग असताना मालक उघड्या लाकडावर झोपतो हे नोकर विसरत नाही.

दुसरा प्रश्न: हा दिवस कोणत्या वर्षांतला? रामहरीने साल दिलेलं नाही. तरीही ते बऱ्यापैकी ठरवता येतं, आणि त्यासाठी गोलोकदास न्हावी उपयोगी पडतो. राममोहन 1814 मध्ये कलकत्त्यात स्थायिक झाले आणि नोव्हेंबर 1830 मध्ये विलायतेच्या जहाजावर चढले. म्हणजे सोळा वर्षांची चौकट आधीच मिळाली. आता, न्हावी जे वाचून दाखवतो ते इंग्रजी असण्यापेक्षा बंगाली असण्याची शक्यता खूप जास्त. बंगाली वर्तमानपत्रं निघाली ती 1818 मध्ये. राममोहन यांच्याशी जोडलेलं ‘संवाद कौमुदी’ 1821 मध्ये सुरू झालं आणि त्यांचं फारसी ‘मिरात-उल-अखबार’ 1822 मध्ये. तेव्हा हा दिवस 1818 च्या आधीचा नाही, आणि तो 1820 ते 1830 या दशकातला धरायला हरकत नाही. साल न सांगणाऱ्या आठवणीतून साल काढायचं ते असं, त्यात आलेल्या वस्तूंवरून. अमुक वस्तू तेव्हा मिळत होती का, एवढंच विचारत जायचं.

इथेच एक खाचही सापडते. त्या दशकातली बंगाली वर्तमानपत्रं आठवड्याला निघत. रोज सकाळी आणि पुन्हा जेवणानंतर ‘त्या दिवसाचा’ अंक वाचला जाणं तसं शक्य नव्हतं. मग रामहरी खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. तो सांगत होता तेव्हा कित्येक दशकं उलटली होती आणि बंगालीत रोजचे अंक रुळले होते. आठवड्यातून कधीतरी घडणारी गोष्ट आठवणीत ‘रोज’ होते, आणि जुन्या गोष्टीला नव्या काळाचा रंग चढतो. म्हणून न्हाव्याने वाचून दाखवलं हे घ्यायचं, ‘रोज दोनदा’ हे सोडून द्यायचं. नोकरांच्या आठवणींत ‘नेहमी’, ‘रोज’ आणि ‘कधीच नाही’ हे तीन शब्द आले की तिथे थांबून दुसरा पुरावा शोधावा.

सुदैवाने इथे दुसरा पुरावा आहे. चरित्रकारांनी नोंदवलेली आणखी एक आठवण राममोहन यांच्या स्नानापासून सुरू होते. दोन चांगली धिप्पाड माणसं त्यांना तेल लावून अंग रगडत. तेवढा वेळ फुकट जाऊ नये म्हणून ते ‘मुग्धबोध’ हे संस्कृत व्याकरण रोज थोडं थोडं वाचत. स्नानानंतर देशी पद्धतीने जमिनीवर बसून, भोवती भांडी मांडून जेवण: भात, मासे, बहुधा दूधही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते काहीही खात नसत. दोनपर्यंत काम, मग युरोपीय मित्रांच्या भेटी. सात ते आठच्या दरम्यान रात्रीचं जेवण, तेही इंग्रजी थाटात टेबलावर, पण पदार्थ मुसलमानी: पुलाव, कोफ्ता, कोर्मा.

आता दोन्ही दिवस शेजारी ठेवून बघा. रामहरी म्हणतो तीनला फराळ आणि पाचला फळं. दुसरी आठवण म्हणते मधे काहीच नाही. रामहरी रात्रीचं जेवण दहाला सांगतो, दुसरी सात-आठला. दोन्ही खरं कसं असेल?

काही वाचक इथे सरासरी काढतात आणि ‘साधारण नऊला जेवत’ असं लिहून मोकळे होतात. तो सर्वांत वाईट मार्ग, कारण नऊला जेवल्याचं कुणीच सांगितलेलं नाही. त्यापेक्षा दोघांचं जुळतं ते आधी बाजूला काढावं. सकाळी व्यायाम किंवा रगडणं, मग स्नान, मग पोटभर जेवण. दुपारी माणसांच्या भेटी. रात्रीचं मुख्य जेवण उशिरा आणि माणसांच्या संगतीत. हा क्रम दोन्हींकडे सारखा आहे. घड्याळाचे आकडे तेवढे वेगळे आहेत. आणि हे स्वाभाविकही आहे, कारण नोकराच्या डोक्यात कामांची रांग पक्की बसलेली असते, आकडा मात्र तो विचारणाऱ्याच्या सोयीसाठी सांगतो. म्हणून अशा साक्षींत क्रमावर विश्वास ठेवावा आणि वेळेवर कमी.

मधल्या खाण्याचं काय? ‘काहीच खात नसत’ हे वाक्य संयमाची स्तुती आहे. ‘तीनला फराळ’ हे वाक्य ताट नेऊन ठेवणाऱ्याचं आहे. दोघांत निवडायचं झालं तर मी ताट नेणाऱ्याकडे झुकेन. तरी एक शक्यता उघडी ठेवावी लागते: दोनला भेटीसाठी बाहेर पडणारा माणूस तीनला घरी फराळ करत नाही. म्हणजे बाहेर जायच्या दिवशी एक रीत आणि घरी असायच्या दिवशी दुसरी, असं असू शकतं. माणसाचा दिवस एकच नसतो हे ‘दिनचर्या’ या शब्दाच्या मोहात आपण विसरतो.

तिसरा साक्षीदार लहान मुलगा आहे. देवेंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील, यांचा जन्म 1817 चा. ते राममोहन यांच्या शाळेत शिकत आणि त्यांचा मुलगा रमाप्रसाद यांच्याबरोबर कलकत्त्यात माणिकतल्याच्या त्यांच्या घराच्या बागेत खेळायला जात. त्यांच्या आठवणीत राममोहन अंगाला मोहरीचं तेल चोळून पाण्याच्या मोठ्या टाकीत उतरत, बराच वेळ पाण्यात राहत, आणि तिथे फारसी, अरबी, संस्कृत वचनं मोठ्याने म्हणत. त्यांची रुंद छाती आणि दणकट अंग मुलाच्या नजरेत भरलं होतं. तेल तीनही साक्षींत या ना त्या रूपात जुळतं असं म्हणता येणार नाही, कारण रामहरी तेलाचा उल्लेखच करत नाही. पण दोन स्वतंत्र माणसं, एक घराशी संबंधित प्रौढ आणि एक शाळकरी मूल, तेच सांगतात. तेवढ्याने ते मान्य करायला हरकत नाही.

याच मुलाला राममोहन यांनी एका सकाळी न्याहारी करताना एक गोष्ट सांगितली. ते पाव आणि मध खात होते. फारसी ढंगात त्याला ‘बिरादर’ म्हणून हाक मारून ते म्हणाले की बघ, मी मध-पाव खातोय, आणि लोक म्हणतात मी गोमांस खातो.

आपल्या विषयाचं मर्म या ठिकाणी आहे. राममोहन काय खात याची नोंद इतक्या जणांनी का करून ठेवली? त्यांच्या ताटावर भांडण होतं म्हणून. अन्नाने जात जाऊ शकत होती, आणि जात गेली तर वारसाहक्कही अडचणीत येत होता. महाराष्ट्रात हेच 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या कपावरून झालं, आणि रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. त्यामुळे राममोहन यांच्या जेवणाबद्दलचं कोणतंही वाक्य वाचताना बोलणारा त्यांच्या बाजूचा की विरुद्ध, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘भात आणि मासे, जमिनीवर बसून’ हे वाक्य जितकं वर्णन आहे तितकाच तो बचावही आहे.

बचाव आणि आरोप यांच्यापलीकडचा पुरावा हवा असेल तर हिशेबाकडे जावं लागतं. आणि राममोहन यांचे हिशेब आपल्याला माहीत झाले ते एका कौटुंबिक खटल्यामुळे.

23 जून 1817 रोजी त्यांचा पुतण्या गोविंदप्रसाद याने कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. म्हणणं असं की आजोबा रामकांत, वडील जगमोहन आणि काका राममोहन हे एकत्र कुटुंब होतं, म्हणून काकांनी घेतलेल्या जमिनी आणि घरांत माझाही वाटा आहे. राममोहन यांचं उत्तर: वडिलांनी 1796 मध्येच वाटणी केली, त्यानंतरचं सगळं माझं स्वकष्टाचं. हिंदू कायद्यात कुटुंब एकत्र आहे की विभक्त हे ठरवताना तीन गोष्टी बघत: अन्न, पूजा आणि मालमत्ता. म्हणजे चूल एक की दोन, हा कायद्याचा प्रश्न झाला. एरवी ज्याची दखल कुणी घेतली नसती ते घरातलं राहणं-जेवणं, कुणाचा पैसा कुठे ठेवला, तो कोण सांभाळी, हे नातेवाईक आणि नोकरदार शपथेवर सांगू लागले. राममोहन यांचा खजिनदार गोपीमोहन चट्टोपाध्याय हा त्यातला महत्त्वाचा.

या कागदांतले आकडे बघितले की माणूस वेगळा दिसू लागतो. 1797 मध्ये त्यांनी अँड्र्यू रॅम्से या कंपनीच्या अधिकाऱ्याला 7,500 रुपये कर्जाऊ दिले, 1802 मध्ये टॉमस वुडफर्ड याला 5,000. 1799 मध्ये गोविंदपूर आणि रामेश्वरपूर हे दोन तालुके, म्हणजे महसुली जमिनी, 3,100 आणि 1,250 रुपयांना घेतले. 1814 मध्ये चौरंगीचं घर 20,317 रुपयांना आणि माणिकतल्याचं बागेचं घर 13,000 रुपयांना. मोठा भाऊ जगमोहन सरकारी थकबाकीपायी मिदनापूरच्या तुरुंगात होता, तेव्हा त्याला दिलेल्या 1,000 रुपयांचंही रोखपत्र करून घेतलेलं होतं. हे शेवटचं कलम न्यायाच्या दृष्टीने फार बोलकं आहे. एकाच तिजोरीतले दोन भाऊ एकमेकांना व्याजाने पैसे देत नाहीत. दावा 10 डिसेंबर 1819 रोजी खर्चासह फेटाळला गेला.

दिनचर्येला याचा उपयोग काय? हे हिशेब कचेरीचे आहेत, स्वयंपाकघराचे नव्हेत. त्यांत माशांचा भाव शोधून उपयोग नाही. पण ते दोन गोष्टी पक्क्या करतात. एक म्हणजे घर. रामहरीच्या आठवणीतलं फिरणं आणि मोठी मंडळी जमवणं, देवेंद्रनाथांच्या आठवणीतली बाग आणि पाण्याची टाकी, यांना लागणारी जागा आणि ऐपत 1814 पासून खरोखर होती. आठवण हवेत नाही. दुसरी म्हणजे माणसाची रीत. राममोहन पैसा नोंदवून, रोखपत्र करून, खजिनदाराकरवी हाताळत. ज्याच्या हिशेबात सख्ख्या भावाचंही कलम वेगळं मांडलेलं आहे, तो अंगाला तेल लावण्याच्या वेळात व्याकरण वाचत असेल यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. हिशेबाची वही माणसाच्या चवीबद्दल गप्प असते, पण स्वभावाबद्दल पुष्कळ सांगते.

एक सावधगिरी मात्र हवी. खटल्यातले हिशेब खटल्यासाठी निवडलेले असतात. वकील उपयोगाचं तेवढंच पुढे ठेवतो. त्यामुळे या कागदांवरून राममोहन यांचं सगळं उत्पन्न किंवा सगळा खर्च काढता येत नाही. कागद खरा असला तरी तो तुकडा आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई 1823 मध्ये राममोहन यांच्या घरच्या समारंभाला गेली होती. तिला दिसली रोषणाई, आतषबाजी आणि निक्की या तेव्हाच्या नामांकित नर्तकीचा नाच. तिची नोंद खोटी नाही, पण ती एका रात्रीची आहे. पाहुण्याला अपवाद दिसतो आणि नोकराला रोजचं दिसतं. फक्त तिच्या नोंदीवर भरवसा ठेवला तर राममोहन ऐषारामी जमीनदार वाटतात, फक्त रामहरीवर ठेवला तर शिस्तीचे व्रतस्थ. ते दोन्ही होते, वेगवेगळ्या संध्याकाळी.

पाहुण्याच्या नजरेची याहून मोठी गंमत लंडनमध्ये दिसते. जुलै 1831 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी त्यांना मेजवानी दिली. भोवतालची मंडळी कासवाचं मांस, हरणाचं मांस आणि शॅंपेन यांवर ताव मारत होती, आणि त्यांच्यामध्ये बसलेल्या या ब्राह्मणाने भात आणि थंड पाणी यांशिवाय कशाला हात लावला नाही, असं तेव्हाच्या वर्तमानपत्राने लिहिलं. तीच व्यक्ती कलकत्त्यातल्या घरी कोफ्ता-कोर्मा जेवत होती.

कुणी म्हणेल की म्हणजे एक साक्ष खोटी. तसं नाही. वर्तमानपत्राने भर सभेतलं ताट पाहिलं, घरच्या माणसाने घरातलं. विलायतेत राममोहन यांच्यावर दोन्ही देशांची नजर होती. समुद्र ओलांडल्याचा आरोप आधीच होता, त्यात परधर्मीयांच्या पंगतीत मांस खाल्ल्याची बातमी कलकत्त्याला पोहोचली असती तर विरोधकांच्या हाती कोलीत मिळालं असतं. म्हणूनच जहाजावर त्यांच्याबरोबर रामरतन मुखोपाध्याय हा ब्राह्मण आचारी होता. त्याच प्रवासातल्या जेम्स सदरलँड यांनी सांगून ठेवलं आहे की राममोहन आपल्याच खोलीत जेवत, आणि सुरुवातीला वेगळ्या चुलीवाचून त्यांचे हाल झाले, कारण जवळ एक मातीची चूल तेवढी होती. नोकरांना समुद्र लागला आणि त्यांनी मालकाचीच खोली व्यापून टाकली. त्यांना हलवायला राममोहन यांचं मन होईना. रामहरीने सांगितलेल्या दिवसात नोकर मालकाकडे बघतो. इथे कधी नव्हे ते मालक नोकरांशी कसा वागे ते दिसतं, आणि तेही तिसऱ्याच्या डोळ्यांनी. म्हणून मला ही नोंद फार मोलाची वाटते.

जातीच्या हिशेबाचा हा धागा त्यांच्या मृत्यूपर्यंत जातो. 27 सप्टेंबर 1833 रोजी पहाटे ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटन ग्रोव्हमध्ये ते वारले. उपचार करणाऱ्या डॉक्टर एस्टलिन यांनी रोजनिशीत त्या रात्री खोलीत कोण कोण होतं ते लिहिलं आहे, आणि त्यात रामहरीचं नाव आहे. हे फार उपयोगाचं आहे. बर्दवानचा म्हातारा माळी खरोखर त्या घरातला होता, हे त्याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या इंग्रज डॉक्टरच्या रोजनिशीवरून सिद्ध होतं. नोकराच्या आठवणी वापरताना ही पडताळणी आधी करावी. मोठ्या माणसाच्या पश्चात ‘मी त्यांच्याकडे होतो’ म्हणणारे पुष्कळ निघतात. राममोहन यांच्या अंगावर जानवं तेव्हाही होतं, आणि दफन 18 ऑक्टोबरला कोणत्याही ख्रिस्ती विधीशिवाय झालं, कारण मुलांच्या वारसाहक्काला बाध येऊ नये.

आता दंतकथा. राममोहन दिवसाला बारा शेर दूध पीत, एका बैठकीला अख्खा बोकड संपवत, अशा गोष्टी बंगालमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. अशा आकड्याला वजनात तोलून बघावं. बंगाली शेर म्हणजे जवळपास 930 ग्रॅम. बारा शेर म्हणजे 11 किलोंच्या वर दूध. गाईचं धरलं तरी त्यातून सुमारे 7,000 कॅलरी होतात, म्हणजे अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या दुप्पट, आणि तेही भात, मासे आणि पुलाव सोडून. एखाद्या दिवशी पैज म्हणून काही झालं असेल, पण हा आहार असू शकत नाही. बहुधा घरात येणारं दूध मालकाच्या नावावर जमा झालं. मोठ्या घरात रोज येणारा माल आणि एका माणसाच्या पोटात जाणारा माल यांतली ही गल्लत फार जुनी आहे, आणि हिशेबाच्या वह्या वाचणारेही तीच करतात. वहीत ‘दूध बारा शेर’ असेल तर आधी विचारायचं की त्या दिवशी घरात जेवायला किती माणसं होती.

मद्याबद्दलची गोष्ट याउलट आहे. ते ठरावीक मापाचंच घेत, आणि एका स्नेह्याने फसवून एक पेला जास्त पाजला तेव्हा सहा महिने त्याचं तोंड पाहिलं नाही, असं सांगतात. ‘सहा महिने’ हा आकडा मी घट्ट धरणार नाही. पण मोजून घेण्याची सवय त्या रोखपत्रांशी आणि त्या व्याकरणाशी जुळते, आणि ती मित्रमंडळींतून आलेली आहे. शत्रूंनी ‘दारू पितात’ एवढंच सांगितलं असतं आणि भक्तांनी ‘शिवत नसत’ असं.

शेवटी, रामहरीच्या त्या पहाटे चार ते मध्यरात्रीच्या दिवसात एक मोठी जागा रिकामी आहे. त्यात बाई नाही. राममोहन यांची तीन लग्नं वडिलांनी लहानपणीच लावली होती. पहिली पत्नी बालपणी वारली, दुसरी श्रीमतीदेवी 1824 मध्ये, आणि उमादेवी त्यांच्यामागेही जिवंत होती. राधाप्रसाद आणि रमाप्रसाद ही श्रीमतीदेवीची मुलं. म्हणजे ज्या दशकातली ही आठवण आहे, त्याच दशकात त्यांच्या एका पत्नीचा मृत्यू झाला. कॉफीपासून हलिलापर्यंत सगळं सांगणारा रामहरी त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. तो बाहेरच्या बाजूचा पुरुष नोकर होता. अंदरमहाल त्याच्या कामात नव्हता आणि त्याबद्दल परक्याशी बोलणं रीतीत बसत नव्हतं. त्याला विचारणाऱ्यांनीही विचारलं नसावं, कारण त्यांना हवा होता ब्राह्मो समाजाचा संस्थापक. सतीविरुद्ध लढलेल्या माणसाच्या घरातल्या बायका काय खात, केव्हा उठत, त्या मध्यरात्रीच्या बैठकांचं जेवण कुणाच्या देखरेखीखाली होई, हे सांगू शकणाऱ्या दासी त्या घरात असणारच. त्यांच्याकडे कुणी गेलं नाही.